धागा: चालू महिना अर्धवट असताना मागच्या महिन्यांशी तुलना कशी करायची? (चप्पल दुकान, कोल्हापूर)

वेणीगोंडा | १८ ऑगस्ट २०२५, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. महाद्वार रोडच्या बाजूला आमचं कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे. बिलांचा हिशेब मी गुगल शीटमध्ये ठेवते. रोजची एकूण विक्री एका ओळीत, आणि महिन्याच्या बेरजेचा रेषेचा आलेख. काल रात्री सासऱ्यांनी मोबाईलवर तो आलेख बघितला आणि तेव्हापासून घरात जेवण गोड लागेना. मे ११.४० लाख, जून ८.६०, जुलै ८.२०, आणि ऑगस्टला रेषा सरळ आडात पडल्यासारखी ४.३२ लाखावर. वर मी हौसेनं ट्रेंडलाईन टाकलेली, तीही खाली तोंड करून बसलीय.

मी म्हटलं, आबा, महिना अजून संपलेला नाही, आज १८ तारीख. ते म्हणतात, तसं धरलं तरी निम्म्याहून जास्त महिना गेलाय, आणि उतार कधीपासूनचा आहे ते तुझ्याच रेषेत दिसतंय. त्यांना कारागिरांची नवरात्राची ऑर्डर निम्म्यावर आणायचीय. पावसात चामडं लवकर वाळत नाही, म्हणून ऑर्डर आत्ताच द्यावी लागते. आता कमी सांगितली तर घटस्थापनेला, म्हणजे २२ सप्टेंबरला, फळीवर माल नसणार.

विक्री खरंच पडलीय की नाही, हे अर्ध्या महिन्यावरून कसं ठरवायचं? आणि आलेख कसा काढू म्हणजे तो खोटं बोलणार नाही?

रंकाळ्याची_हवा | सकाळी १०:४०

ताई, ट्रेंड खाली कसा असेल? जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं आपल्यासारख्याच चपला दाखवल्या, केवढा गाजावाजा झाला, नंतर त्यांनी मूळ भारतीय असल्याचं मान्यही केलं. त्यानंतर सगळीकडं कोल्हापुरीचीच चर्चा. ट्रेंड वरच आहे. तुम्ही कापशी आणि पुकारी ऑनलाईन टाका, नाद खुळा चालेल.

वेणीगोंडा | सकाळी १०:५२

दादा, मी आलेखातल्या रेषेबद्दल विचारतेय, फॅशनच्या ट्रेंडबद्दल नाही. पण ऑनलाईनचं खरंय, व्हॉट्सॲपवर विचारणा वाढल्यात. त्याची वही वेगळी आहे, या आकड्यात ती धरलेली नाही.

उद्यमनगर_७ | सकाळी ११:०५

सोपं आहे. १७ दिवसांत ४.३२ लाख, म्हणजे रोजचे साधारण २५,४००. गुणिले ३१, ७.८८ लाख. जुलैचे ८.२०. म्हणजे ४ टक्क्यांची घट. पावसाळ्यात एवढं चालायचंच, आबांना सांगा निवांत झोपा. आमच्या फौंड्रीत मी महिन्याच्या १० तारखेलाच असा अंदाज मालकाला देतो आणि तो बरोबर येतो. आलेखात ४.३२ च्या जागी ७.८८ टाका, प्रश्न मिटला.

हिशेबनीस | सकाळी ११:४८

उद्यमनगरवाले, फौंड्रीत तो बरोबर येणारच. भट्टी मंगळवारी आणि शनिवारी सारखीच ओतते. देवळाजवळच्या चप्पल दुकानाचं तसं नसतं. मी बरीच वर्षं एका किरकोळ विक्रीच्या साखळीत नियोजनाचं काम करतो. तिथं प्रत्येक महिन्याच्या मधल्या आठवड्यात असल्या गुणाकारावरून एक बैठक ठरलेली असते.

वेणीगोंडाताई, आधी दोन गोष्टी सांगा. एक, १ ते १७ ऑगस्टची रोजची विक्री दिवसवार कशी आहे? दुसरी, जुलैत शनिवार-रविवारची सरासरी किती आणि इतर दिवसांची किती? घट, वाढ, अंदाज, सगळं नंतर.

वेणीगोंडा | दुपारी १२:३०

शीटमध्ये बघून सांगते. जुलैत शनिवार-रविवारी सरासरी ४५ हजार, इतर दिवशी २० हजार. सोमवारीसुद्धा दुकान उघडं असतं. ऑगस्टमध्येही आकडे तसेच दिसतात. १५ ऑगस्ट शुक्रवार होता, पण गर्दी रविवारसारखी, ४४ हजार. शनिवार १६ ला १७ हजार दिसतायत. रविवार १७ चा रकाना रिकामा आहे.

हिशेबनीस | दुपारी १२:४४

शनिवारी १७ हजार? याआधी शनिवार कधी ३५ च्या खाली गेला होता का?

वेणीगोंडा | दुपारी १:०२

नाही, ३८ च्या खाली नाही. आत्ता दिरांना फोन केला. शनिवारी दुपारनंतर दुसरं बिलबुक वापरलं होतं, ते त्यांच्या दुचाकीच्या डिकीत आहे. रविवारची बिलं तर आज संध्याकाळी लिहायची होती. शनिवार-रविवारची नोंद नेहमी सोमवारी-मंगळवारीच होते.

हिशेबनीस | दुपारी १:३५

मग १७ दिवसांचा आकडा खरं तर १५ दिवसांचाच आहे, वर एक अर्धा शनिवार. चालू महिन्याच्या तुलनेत मला सर्वांत जास्त वेळा दिसलेली चूक हीच. महिना अर्धवट आहे हे सगळ्यांच्या लक्षात येतं. पण त्या अर्ध्याचं शेपूट कच्चं आहे हे कुणी बघत नाही. जुलैचे सगळे दिवस पक्के आणि ऑगस्टचे शेवटचे दोन कच्चे, म्हणून चालू महिना कायम थोडा पडलेला दिसणार. पुढच्या महिन्यातही दिसणार, तेव्हाही आबा घाबरणार.

शेपूट कच्चं आहे हे ओळखायची खूण तुम्ही स्वतःच सांगितलीत. शेवटच्या दोन-तीन दिवसांचा आकडा त्याच वाराच्या नेहमीच्या आकड्याशी ताडून बघायचा. शनिवार निम्म्याहून खाली आला तर धंद्याला नावं ठेवण्याआधी नोंदीकडं बघावं. शीटच्या वर एका रकान्यात 'नोंद पक्की कुठल्या तारखेपर्यंत' ती तारीख लिहून ठेवा आणि सगळ्या बेरजा त्याच तारखेला तोडा. आजची तारीख नको, कालचीही नको. त्या रकान्याचं नाव F1 धरू.

डिकीतलं बिलबुक आलं की पक्का आकडा टाका, मग पुढचं बोलू.

अ_रा_कु | दुपारी २:१०

डिकीत बिलबुक! कोल्हापुरात क्लाऊड म्हणतात तो हाच असावा.

गोठ्यावरनं | दुपारी ३:२०

आमच्या दूध संस्थेत ही भानगडच नाही बघा. करवीर तालुक्यातली छोटी संस्था, मी सचिव. १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते अखेर असं दहा-दहा दिवसांचं बिल. संकलन सकाळ-संध्याकाळ मशीनवर, नोंद तिथल्या तिथं. म्हशीला रविवार कळत नाही. मग आमचं रोजचं सरासरी लिटर काढलं की झालं. तरी गेल्या महिन्यात एक सभासद माझ्याशी भांडला. म्हणे फेब्रुवारीत तिसरं बिल कमी का आलं? अहो, फेब्रुवारीत तिसऱ्या बिलाचे दिवसच आठ! तुम्हीही दहा-दहा दिवसांचं करा की.

हिशेबनीस | दुपारी ४:०५

सचिवसाहेब, तुमच्याकडे वाराचा फरक नाही, म्हणून दिवसाची सरासरी पुरते. ताईंकडे एक रविवार म्हणजे सव्वादोन मंगळवार. १ ते १० तारखेत कधी दोन शनिवार-रविवार पडतात, कधी एकच. त्यांनी दहा-दहा दिवसांचं केलं तर आलेख करवतीसारखा वरखाली होईल आणि त्यातून कॅलेंडरशिवाय काहीच कळणार नाही.

वेणीगोंडा | रात्री ९:१५

बिलं सगळी भरली. शनिवार ४५ हजार, रविवार ४५ हजार. १ ते १७ ऑगस्ट पक्की बेरीज ५.०५ लाख. हिशेबनीस म्हणाले म्हणून जुलैचीही १ ते १७ ची बेरीज काढली, ती ४.४० लाख आली. म्हणजे १५ टक्के वाढ! आबांना सांगितलं, तर आता ते म्हणतात ऑर्डर वाढवूया का. सकाळी निम्मी करायची होती, रात्री दीडपट.

उद्यमनगर_७ | रात्री ९:३२

वाढ आहेच की. ५.०५ भागिले १७ गुणिले ३१, ९.२१ लाख. ऑर्डर वाढवा.

हिशेबनीस | रात्री १०:२०

थांबा थांबा. सकाळचं तुमचं सूत्र ७.८८ म्हणालं, रात्रीचं ९.२१ म्हणतं. बाजारात काहीच बदललं नाही, फक्त एक बिलबुक डिकीतून बाहेर आलं. त्यावरून ऑर्डर ठरवायची का?

१ ते १७ विरुद्ध १ ते १७ ही तुलना सकाळच्या तुलनेपेक्षा शंभरपट बरी. पण कॅलेंडर उघडून बघा. १ जुलै मंगळवार होता. १७ तारखेपर्यंत शनिवार-रविवार आले ५, ६, १२, १३, एकूण चार. १ ऑगस्ट शुक्रवार होता. १७ पर्यंत आले २, ३, ९, १०, १६, १७, एकूण सहा. वर १५ ऑगस्टची सुट्टी, म्हणजे गर्दीचे दिवस सात धरा.

आता जुलैचाच दर ऑगस्टच्या दिवसांना लावू. गर्दीचे सात दिवस गुणिले ४५ हजार, ३.१५ लाख. साधे दहा दिवस गुणिले २० हजार, २ लाख. बेरीज ५.१५ लाख. दुकान जुलैसारखंच चाललं असतं तर १७ तारखेपर्यंत एवढी विक्री व्हायला हवी होती. झाली ५.०५. दहा हजारांचा फरक, दोन टक्केसुद्धा नाही. एका रविवारी दुपारी पावसानं झोडपलं तर एवढा फरक पडतो.

तेव्हा विक्री पडलीही नाही आणि वाढलीही नाही. जुलैसारखीच चाललीय. १५ टक्क्यांची वाढ सगळी कॅलेंडरची आहे.

अ_रा_कु | रात्री १०:४१

मग उरलेल्या महिन्याचं काय? चांगला प्रश्न तोच. जुलैत १७ तारखेपर्यंत महिन्याच्या ५४ टक्के विक्री झाली होती, ४.४० भागिले ८.२०. तोच हिस्सा ऑगस्टला लावला तर ५.०५ चे ९.४१ लाख होतात. ही पद्धत मी चांगल्या चांगल्या रिपोर्टमध्ये पाहिलीय.

हिशेबनीस | रात्री ११:०२

मीही पाहिलीय, आणि पगाराच्या आठवड्याचा जोर असलेल्या धंद्यात, किराणा वगैरे, ती सरासरीपेक्षा चांगली चालते. पण तिथं तीन-चार महिन्यांचा हिस्सा घेतात, एका महिन्याचा नाही. इथं तर जुलैच्या आठ गर्दीच्या दिवसांपैकी निम्मेच १७ पर्यंत आले होते. ऑगस्टमध्ये अकरापैकी सात आधीच होऊन गेले. म्हणून तुमचा आकडा फुगलाय.

उरलेले दिवस थेट मोजणं सोपं आहे. १८ ते ३१ ऑगस्टमध्ये शनिवार-रविवार चार (२३, २४, ३०, ३१), साधे दहा. १.८० अधिक २, म्हणजे ३.८० लाख. झालेले ५.०५ मिळवले की ८.८५ लाख. हेही पत्थर की लकीर नाही, एका बाजूला गणपती आहेत आणि दुसऱ्या बाजूला पंचगंगा. पण निदान कशावर आधारलंय ते दिसतं.

आणि एक गंमत बघा. जुलैच्या दरानं पूर्ण ऑगस्टच ८.९५ होतो, कारण त्यात गर्दीचे दिवस अकरा आणि जुलैत आठ. म्हणजे ३१ तारखेनंतर, सगळी बिलं भरल्यावरसुद्धा, जुलै ८.२० आणि ऑगस्ट ८.८५ अशी वर जाणारी रेषा दिसेल आणि आबा खूश होतील. पूर्ण महिना पूर्ण महिन्याशी ताडतानाही हा घोळ असतोच. अर्ध्या महिन्यात तो फक्त मोठा दिसतो.

गोठ्यावरनं | १९ ऑगस्ट, सकाळी ६:५०

मग महिनाच सोडून द्या की राव. चार आठवडे धरा. त्यात सगळे वार सारखे.

हिशेबनीस | सकाळी ८:३०

सचिवसाहेब, मी तेच सांगणार होतो, तुम्ही दूध घालून येऊन आधी सांगितलंत. रविवार १७ ऑगस्टपासून मागं २८ दिवस, म्हणजे सोमवार २१ जुलै ते १७ ऑगस्ट. त्याच्या मागचे २८, सोमवार २३ जून ते २० जुलै. दोन्हींत आठ-आठ शनिवार-रविवार. ताई, दोन्ही बेरजा द्याल का?

वेणीगोंडा | सकाळी ९:१०

२३ जून ते २० जुलै: ७.६५ लाख. २१ जुलै ते १७ ऑगस्ट: ७.७५ लाख.

हिशेबनीस | सकाळी ९:२६

झालं. दहा हजारांनी जास्त, आणि १५ ऑगस्टच्या एका सुट्टीनंच पंचवीसभर हजार जास्तीचे दिले होते. ते वजा केले तर किंचित कमी. कालच्या हिशेबातही तेच आलं होतं. दोन वेगळ्या वाटांनी गेलं आणि एकाच ठिकाणी पोचलं, म्हणून मी यावर विश्वास ठेवेन.

अ_रा_कु | सकाळी ९:५०

२८ दिवसांत मी एक खोट काढतो. दुकानभाडं महिन्याला, जीएसटीचं रिटर्न महिन्याला, नोकरांचा पगार महिन्याला. घरात 'ऑगस्ट कसा गेला' असंच विचारतात. '२१ जुलै ते १७ ऑगस्ट कसा गेला' असं कोण विचारतं?

हिशेबनीस | सकाळी १०:१५

बरोबर. म्हणून महिना पैशाच्या हिशेबाला ठेवा आणि धंदा चढतोय की उतरतोय हे २८ दिवसांवर बघा. एकाच आलेखात दोन्ही कोंबू नका.

आलेखाचं सांगतो. महिन्यांच्या बेरजेच्या रेषेत चालू महिना घालूच नका. ठेवायचाच असेल तर वेगळ्या रकान्यात, पोकळ ठिपका म्हणून, शेजारी '१७ तारखेपर्यंत' असं लिहून, आणि जुलैपासून त्याला रेषेनं जोडू नका. ट्रेंडलाईन तर काढूनच टाका. तिच्या टोकाचा बिंदू तिला सर्वांत जास्त वाकवतो, आणि तुमच्या टोकालाच अर्धा महिना बसलाय. शिवाय मे महिना सुट्टीचा, तिथून सुरू झालेली रेषा खालीच जाणार, ऑगस्ट पूर्ण भरला तरी.

त्याऐवजी आडव्या अक्षावर १ ते ३१ तारखा आणि उभ्या अक्षावर महिन्याची चढती बेरीज, प्रत्येक महिन्याची वेगळी रेषा. ऑगस्टची रेषा नोंद पक्की असेल तिथंच थांबली पाहिजे. नाहीतर पुढच्या रिकाम्या दिवसांत ती आडवी पसरते आणि विक्री थांबल्यासारखी दिसते. A मध्ये तारीख, B मध्ये रोजची विक्री, F1 मध्ये पक्की तारीख, आणि ऑगस्टची पहिली तारीख दुसऱ्या ओळीत असेल तर:

```
=IF(A2>$F$1, NA(), SUM(B$2:B2))
```

हे खाली ३१ पर्यंत ओढा. #N/A दिसेल, त्याला घाबरू नका. तो आलेखात उमटत नाही, तेच हवंय.

पण हा आलेख दाखवताना आबांना एक सांगून ठेवा. १७ तारखेला ऑगस्टची रेषा जुलैच्या बरीच वर असेल. ते सहा शनिवार-रविवार बोलतायत. दोन तारखांमधले शनिवार-रविवार मोजायला, दिवसाला एकच ओळ असेल तर:

```
=SUMPRODUCT((A2:A400>=D1)*(A2:A400<=D2)*(WEEKDAY(A2:A400,2)>=6))
```

D1 आणि D2 मध्ये सुरुवात-शेवट. हा आकडा प्रत्येक बेरजेशेजारी छापा. मी तरी तो नसलेला रिपोर्ट वाचतच नाही.

उद्यमनगर_७ | सकाळी ११:००

मानलं. पण मग आमच्या फौंड्रीत माझा अंदाज बरोबर येतो तो उगीच नाही, एवढं तरी मान्य करा.

हिशेबनीस | सकाळी ११:०८

मान्य. रविवारी भट्टी बंद असेल तर ३१ ऐवजी कामाच्या दिवसांनी गुणा, आणखी बरोबर येईल.

रंकाळ्याची_हवा | दुपारी १२:१५

मग प्राडानं काहीच झालं नाही म्हणायचं का? जून अखेरनंतर जुलै-ऑगस्ट सारखेच, म्हणजे परिणाम शून्य?

हिशेबनीस | दुपारी १:००

असं या आकड्यांवरून म्हणता येणार नाही. पावसाळ्यात चामड्याच्या चपलांची विक्री एरवी उतरते. मग न उतरता सपाट राहिली, हीच कदाचित वाढ असेल. ते बघायला मागच्या वर्षीचे तेच आठवडे लागतील, तारखा नव्हेत, वार जुळवून. आणि व्हॉट्सॲपची वही यात नाहीच.

वेणीगोंडा | दुपारी २:४०

मागच्या वर्षीचा हिशेब वहीत आहे, शीट या मार्चपासून. काढता येईल, पण मागच्या वर्षी गणपती ७ सप्टेंबरला होते, यंदा २७ ऑगस्टला. मागच्या ऑगस्टचा शेवटचा आठवडा साधा होता, यंदाचा गणपतीचा. मग जुळवायचं काय?

हिशेबनीस | दुपारी ३:१५

१७ ऑगस्टपर्यंतचं बिनधास्त जुळवा. १८ च्या पुढचं तारखेनं जुळवू नका. त्या दिवसांची तुलना चतुर्थीपासून मागं-पुढं मोजून करावी लागेल. दसऱ्याला तर हे आणखी दिसेल. मागच्या वर्षी घटस्थापना ३ ऑक्टोबर आणि दसरा १२ ऑक्टोबर, यंदा २२ सप्टेंबर आणि २ ऑक्टोबर. नवरात्राचा बहुतेक धंदा सप्टेंबरमध्ये जाणार. सप्टेंबर फुगेल, ऑक्टोबर पडेल, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर कुणीतरी परत आलेख बघून घाबरेल. दिवाळीही मागच्या वर्षी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, यंदा २१ ऑक्टोबरला. तिथं ऑक्टोबर सावरेल की नाही ते तुमच्या दुकानात दिवाळी जास्त चालते की नवरात्र यावर आहे.

अ_रा_कु | दुपारी ३:४०

गणपतीच्या दिवसांत महाद्वारवर गर्दी वाढते, पण चपला घेतात का लोक? माझ्या मते २७-२८ ला विक्री उलट पडेल. तुमच्या ३.८० मधून ४० हजार कमी करा.

गोठ्यावरनं | संध्याकाळी ६:०५

सातव्या दिवशी गौरी जातील, मग बायका बाहेर पडतील. तेव्हा चांगलं जाईल. पण पाऊस बघा आधी. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की पर्यटक येत नाहीत, तिथनं पुढं तुमचं सगळं गणित पाण्यात.

वेणीगोंडा | रात्री ८:५०

आबांना दोन्ही २८ दिवसांच्या बेरजा कागदावर लिहून दाखवल्या, आलेख नाही. ते बराच वेळ कॅलेंडरवर बोट फिरवत बसले, शनिवार-रविवार मोजत. मग कारागिरांना मागच्या वर्षीएवढीच ऑर्डर सांगितली, निम्मी नाही, दीडपटही नाही. गोंड्याचा आणि लहान मुलांच्या मापाचा माल थोडा जास्त.

मागच्या वर्षीची वही उद्या काढते. १ ते १७ ऑगस्ट २०२४ मध्ये पाच शनिवार-रविवार आणि १५ ऑगस्टची सुट्टी, म्हणजे गर्दीचे सहा दिवस, एवढं आत्ताच मोजलंय. वहीत रोजची विक्री आहे का, की फक्त आठवड्याची बेरीज, ते बघावं लागेल. आठवड्याची असेल तर चालेल का?

हिशेबनीस | रात्री ९:०५

सोमवार ते रविवार अशी असेल तर चालेल. मध्येच बुधवारी वगैरे तोडलेली असेल तर आधी सांगा.